लघवीच्या दोन बाटल्या, पावडरची एकही नाही

आमच्या पेठेतल्या तालमीत माझा भाचा कुस्ती करतो. परवा तालमीबाहेरच्या टपरीवर चहा घेताना वाद पेटला होता. परजिल्ह्यातला एक मल्ल उत्तेजक चाचणीत सापडल्याची बातमी आली होती. अर्धे लोक म्हणत होते, पोरगं गरीब आहे, सप्लिमेंटच्या डब्यात भेसळ असणार, त्याला उगाच बळी दिलं. उरलेले म्हणत होते, सापडला की सगळेच सप्लिमेंटचं नाव घेतात, चार वर्षं घरी बसवा. तासभर हा वाद चालला आणि तासाभरात एकानेही हे विचारलं नाही की तो डबा आता आहे कुठे. त्याचा बॅच नंबर काय होता, त्याच बॅचचा न उघडलेला डबा कुठे मिळेल का, आणि मिळाला तर तो कोण तपासणार? माझ्या मते सगळं प्रकरण या प्रश्नांवर उभं आहे. खेळाडू निष्पाप आहे की लबाड, हे टपरीवर ठरत नाही. खरं सांगायचं तर लवादापुढेही ते मनात डोकावून ठरत नाही, ते वस्तूवरून ठरतं. ती वस्तू जपून ठेवण्याची सोय आपल्याकडे जवळजवळ कोणीच केलेली नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. ‘शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची’ हा नियम कडक आहे आणि तो तसाच राहावा. मात्र त्याच नियमाने खेळाडूला सुटकेची जी वाट दिली आहे, तिच्यावरून चालायला पावडरचा पुरावा लागतो. तो पुरावा सांभाळण्याचं काम वसतिगृहात राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलावर टाकणं अन्याय्य आहे. प्रशिक्षण केंद्रं, संघटना, अकादमी, जो कोणी मुलांना सप्लिमेंट देतो किंवा घ्यायला सांगतो, त्याने बॅच तपासावी आणि सीलबंद नमुना राखून ठेवावा. मी गोळ्या-कॅप्सूलच्या कारखान्यात उत्पादन आणि गुणवत्ता या दोन्ही खात्यांत नोकरीची वर्षं काढली. त्यामुळे हा प्रश्न मला आखाड्यातून जितका दिसतो तितकाच मिक्सरच्या तोंडापाशी उभं राहून दिसतो.

आधी नियम साध्या भाषेत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, हिच्या संहितेनुसार नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला की नियमभंग झाला. हेतू होता की नव्हता, हा त्यानंतरचा, शिक्षेचा प्रश्न. ॲनाबोलिक स्टेरॉइड असेल तर सुरुवात चार वर्षांच्या बंदीपासून होते. मुद्दाम घेतलं नव्हतं हे खेळाडूने सिद्ध केलं तर ती दोनवर येते. तो पदार्थ दूषित उत्पादनातून आला, आणि आपला दोष फार मोठा नव्हता, या दोन्ही गोष्टी सिद्ध केल्या तर शिक्षा नुसत्या समजेपासून दोन वर्षांपर्यंत कुठेही पडू शकते. दूषित उत्पादन कशाला म्हणायचं, हेही लिहून ठेवलं आहे: तो पदार्थ लेबलवर नसला पाहिजे आणि इंटरनेटवर वाजवी शोध घेऊनही कळण्यासारखा नसला पाहिजे. ‘माझा काहीच दोष नाही’ हा बचाव मात्र भेसळीच्या सप्लिमेंटला चालत नाही, कारण सप्लिमेंटमध्ये भेसळ असू शकते हे तुम्हाला आधीच सांगितलेलं आहे, असं संहिता म्हणते. थोडक्यात, चार वर्षं आणि समज यांच्यामध्ये उभा आहे तो पुरावा, आणि तो आणायचा आहे खेळाडूने.

आता कडक बाजूच्या लोकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेऊ. सापडलेला प्रत्येक जण भेसळीकडेच बोट दाखवतो, आणि त्यातले बरेच खोटं बोलत असतात, हे मला मान्य आहे. २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ मध्ये बंदी असलेले पदार्थ आढळले. एवढी भेसळ डब्यांत असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. कारखान्यातला माणूस तर मुळीच ठेवणार नाही. नरसिंग यादवचं प्रकरण आठवा. मुंबईत वाढलेला, तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवलं असा त्याचा दावा होता. देशातली उत्तेजकविरोधी संस्था नाडा, हिच्या समितीने तो मानून त्याला निर्दोष सोडलं आणि तो रिओला पोहोचलाही. तिथे वाडाने अपील केलं. तज्ज्ञाने सांगितलं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त आहे की ते एक-दोन गोळ्या तोंडावाटे घेतल्यासारखं दिसतं. क्रीडा लवाद न्यायालयाने चार वर्षांची बंदी घातली. इथे कोणाचं मन खरं होतं हे मी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: महाराष्ट्रभर आपण कट, राजकारण, उत्तरेचा डाव यांवर बोलत होतो, आणि तिथे निकाल लागला तो पदार्थ किती होता आणि त्यावरून तो कसा आत गेला असेल, या हिशेबावर.

हा हिशेब भेसळीच्या बाजूनेही तितकाच बोलतो, आणि इथे दुसऱ्या पक्षाला ऐकावं लागेल. कोलोनच्या उत्तेजकविरोधी प्रयोगशाळेने २००० आणि २००१ मध्ये तेरा देशांतून ६३४ सप्लिमेंट्स विकत घेतली. लेबलवर एकाही हार्मोनचं नाव नसलेलीच निवडली. त्यातल्या ९४ मध्ये स्टेरॉइडवर्गातले पदार्थ निघाले, म्हणजे साधारण दर सातामागे एक. त्याहून बोलका आकडा पुढे आहे. ज्या कंपन्या हार्मोनची उत्पादनंही विकत होत्या त्यांच्या साध्या मालात हे प्रमाण २१ टक्के होतं; ज्या विकत नव्हत्या त्यांच्यात साडेनऊच्या आसपास. पहिला आकडा मला मुळीच बुचकळ्यात टाकत नाही. एकाच छताखाली दोन माल चालले की एकाचा अंश दुसऱ्यात जातो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पाठांतर. दुसऱ्या आकड्याने मात्र मी थांबलो. जी कंपनी हार्मोनला हातच लावत नाही, तिच्या दहा डब्यांत एक दूषित कसा? कारण बहुतेक ब्रँड स्वतः काही बनवतच नाहीत. डबा एकाचा, कारखाना दुसऱ्याचा, कच्चा माल तिसऱ्या व्यापाऱ्याचा, आणि त्या व्यापाऱ्याकडे पिंप भरण्याआधी त्याच चमच्याने काय उचललं होतं हे चौथ्यालाही माहीत नसतं.

अंश म्हणजे किती, याची कल्पना टपरीवरच्या दोन्ही बाजूंना नसते, म्हणून एक हिशेब मांडतो. इंग्लंडमध्ये एका प्रयोगात स्वयंसेवकांना पाच ग्रॅम क्रिएटिनमध्ये नॅन्ड्रोलोनच्या कुळातल्या एका पदार्थाचे पाच मायक्रोग्रॅम मिसळून दिले गेले. तीन चतुर्थांश लोकांच्या लघवीने मर्यादा ओलांडली. पाच ग्रॅममध्ये पाच मायक्रोग्रॅम म्हणजे दहा लाखात एक भाग. आता पाचशे किलो पावडर एका वेळी मिसळणारा रिबन ब्लेंडर डोळ्यांसमोर आणा. त्यात हे प्रमाण यायला आधीच्या मालाचा किती अंश राहावा लागेल? अर्धा ग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. पात्याच्या मागच्या बाजूला, शाफ्टच्या सीलपाशी, डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या रबरात अर्धा ग्रॅम पावडर बसून राहते आणि वरून भांडं आरशासारखं चकाकतं. म्हणूनच औषधाच्या कारखान्यात माल बदलताना नुसतं धुऊन भागत नाही. पृष्ठभागावरून स्वॅब घ्यायचा, प्रयोगशाळेत उरलेला अंश मोजायचा, कागदावर सही झाली की मग लाइन क्लिअरन्स, म्हणजे पुढचा माल चढवायची परवानगी. सप्लिमेंट हे कायद्याने अन्न आहे, औषध नाही. पीठगिरणीत ज्वारीनंतर गहू दळला तर पहिल्या पायलीत ज्वारी येते, यावर आपण खटला भरत नाही. अन्नाचा व्यवहार या मापाने चालतो, आणि चाचणी मात्र दहा लाखातला एक भाग पकडते. या दोन मापांच्या फटीत खेळाडू सापडतो.

या अंशाने ताकद वाढते का? जवळजवळ कधीच नाही. मग कायदा इतका आंधळा का, असा प्रश्न येतो, आणि तो चुकीचा नाही. त्याचं उत्तर असं की कमी प्रमाणाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे थोडंसं चुकून आत गेलं. दुसरा म्हणजे पुष्कळ मुद्दाम घेतलं होतं आणि आता शरीरातून निघून जाता जाता शेपूट उरलं आहे. एका नमुन्यावरून प्रयोगशाळेला या दोन्हींतला फरक बरेचदा सांगता येत नाही. ‘कमी सापडलं तर सोडा’ असा नियम केला तर ज्याला तारखा मोजता येतात तो मोकळा सुटेल. म्हणून जबाबदारी खेळाडूवर ठेवण्याला मी विरोध करत नाही. शर्यतीत सापडलेल्या धावपटूच्या बाजूला धावणाऱ्या मुलीनेही घाम गाळलेला असतो, आणि तिला डब्याच्या गोष्टीशी देणंघेणं नाही.

पण कडक जबाबदारी ही काही खेळातच जन्मलेली कल्पना नाही. आपल्याकडे १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात ती होतीच. दुकानदाराच्या तुपात भेसळ निघाली तर ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नसे. तरीही त्या कायद्याने दुकानदाराला दोन गोष्टी दिल्या होत्या. अन्न निरीक्षक नमुना घेताना त्याचे तीन भाग करून सील करी. एक विश्लेषकाकडे जाई आणि बाकीचे राखून ठेवले जात, म्हणजे आरोपीला हवं तर केंद्रीय प्रयोगशाळेकडून पुन्हा तपासून घेता येई. दुसरी गोष्ट म्हणजे वॉरंटी. माल लेखी हमीवर घेतला, जसा आला तसाच विकला आणि नीट साठवला हे दाखवलं तर दुकानदार सुटे आणि गाडी पुरवठादाराकडे वळे. भेसळखोर वाण्याला मिळणारी ही सोय खेळाडूला मिळते का? तुम्ही म्हणाल, त्याचाही नमुना ए आणि बी अशा दोन बाटल्यांत भरतात की. भरतात, पण ती लघवी आहे. बी बाटलीने एवढंच कळतं की ए बाटलीतलं खरं होतं. ते आलं कुठून, हे दोन्ही बाटल्या सांगत नाहीत. ज्या डब्याने प्रकरणाचा निकाल लागायचा, त्या डब्याचा एकही भाग कोणी सील करून ठेवलेला नसतो.

याचं भारतातलं सगळ्यात कडू उदाहरण २०११ चं आहे. २०१० साली दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा आणि ग्वांगझूची आशियाई स्पर्धा, दोन्हीकडे ४ गुणिले ४०० मीटर रिलेचं सुवर्ण आपल्या मुलींनी जिंकलं. पुढच्याच वर्षी त्या चौघींतल्या तिघींसह सहा धावपटू मुली स्टेरॉइडसाठी सापडल्या. त्यांचं म्हणणं असं की युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी चीनमधून आणलेल्या जिनसेंगमधून हे आलं. प्रशिक्षकांना काढून टाकलं गेलं, न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती बसली. नाडाच्या शिस्तपालन समितीने दूषित जिनसेंगचं म्हणणं मानलं आणि एक वर्षाची बंदी दिली. देशात अनेकांना तेही जास्त वाटलं. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने अपील केलं आणि २०१२ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ती बंदी दोन वर्षांची केली. प्रशिक्षकाने दिलं म्हणून घेतलं, हे पुरेसं नाही, असा त्याचा सारांश. लंडन ऑलिंपिक गेलं.

हा निकाल मी अनेकदा उलटसुलट करून पाहिला. कायद्याने तो बरोबर आहे. परदेशातून आलेली, डॉक्टरला न दाखवलेली वस्तू तोंडात टाकायची आणि मग विश्वासाकडे बोट दाखवायचं, हे चालवून घेतलं तर प्रत्येक प्रशिक्षक खेळाडूची ढाल होईल. पण त्या वसतिगृहाचा दिनक्रम डोळ्यांपुढे आणा. पहाटे पाचला मैदान, जेवण मेसचं, गोळ्या-पावडरी हातात येणार त्या प्रशिक्षकाकडून, आणि निवड समितीच्या यादीत नाव राहणार तेही त्याच प्रशिक्षकाच्या मर्जीवर. तिथे एखाद्या मुलीने ‘सर, आधी याचा बॅच रिपोर्ट दाखवा’ म्हणावं, अशी अपेक्षा कायदा करतो. करू दे. पण मग ज्या केंद्रात ती राहते, त्या केंद्राने तो रिपोर्ट भिंतीवर लावलेला असावा ही अपेक्षा कोणी करायची?

आता अलीकडच्या दोन टेनिस प्रकरणांकडे बघा, कारण ‘श्रीमंतांना एक न्याय, गरिबांना दुसरा’ हे वाक्य त्यांच्यावरूनच फिरतं. सिमोना हालेपला रॉक्साडुस्टॅट या रक्तक्षयावरच्या औषधासाठी आधी चार वर्षांची शिक्षा झाली होती. मार्च २०२४ मध्ये लवाद न्यायालयाने दूषित सप्लिमेंटचं म्हणणं मान्य करून ती नऊ महिन्यांवर आणली. तोवर ती दीड वर्षाच्या आसपास बाहेर बसलेली होती. इगा श्वियाँतेकच्या ऑगस्ट २०२४ च्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन या हृदयविकारावरच्या औषधाचा अत्यल्प अंश निघाला. झोपेसाठी ती घेत असलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या, अंश तिथेच सापडला आणि बंदी एक महिन्याची झाली. पोलंडमध्ये मेलाटोनिन हे औषध म्हणून विकलं जातं. म्हणजे औषधाच्या कारखान्यातही हे घडतं, हे मला मान खाली घालून कबूल करावं लागतं. लोक म्हणतात, नियम तिच्यासाठी वाकला. मला तसं दिसत नाही. नियम तोच होता. तिच्याकडे काय काय घेतलं याची यादी होती, गोळ्या होत्या, वकील होता, आणि आठवड्याभरात परदेशी प्रयोगशाळेला नमुने पाठवण्याइतके पैसे होते. अन्याय नियमात नाही, तो त्या तपासणीच्या खर्चात आहे. म्हणूनच नियम सैल करून तो भरून निघणार नाही.

‘मग घेऊच नका ना सप्लिमेंट’ असं तिसरा पक्ष म्हणतो, आणि हा मला सगळ्यात शहाणा पक्ष वाटतो. आमच्या तालमीत बदाम, दूध, तूप, थंडाईवर पिढ्या निघाल्या. ज्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे अशी सप्लिमेंट्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यातलं कॅफिन तर टपरीवरच्या चहातही आहे. मुलं जे ‘प्री-वर्कआउट’ आणि ‘फॅट बर्नर’ घेतात, त्यातलं निम्मं रंग आणि साखर असतं, आणि उरलेलं निम्मं काय आहे हीच भीती. त्यामुळे भाच्याला मी पहिल्यांदा हेच सांगितलं. तरीही हा सल्ला पुरा पडत नाही. रक्तात लोह कमी असलेल्या धावपटू मुलीला गोळी लागतेच, आणि शाकाहारी मुलाला मेसच्या पातळ वरणातून हवं तेवढं प्रथिन मिळत नाही.

शिवाय ‘आपलं देशी घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दीपा कर्माकर ही जिम्नॅस्ट हायजेनामीन या पदार्थामुळे एकवीस महिने बाहेर होती. २०१७ पासून वाडाच्या यादीत त्याचं नाव स्पष्ट आहे, आणि ते जाहीर करताना वाडाने सांगितलं होतं की हा पदार्थ टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीत असतो. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, ती वेगळी. पण दोघी इतक्या सारख्या दिसतात की गिलॉयच्या नावाखाली क्रिस्पा वापरली जाऊ नये म्हणून आयुष मंत्रालयाला इशारा द्यावा लागला. अंगणातल्या ओळखीच्या गुळवेलीबद्दल मी काही म्हणत नाही. पण बाजारातून आणलेल्या चूर्णाच्या पाकिटात कोणती वेल वाटली गेली, हे पाकीट सांगत नाही. लेबलवर ‘१०० टक्के नैसर्गिक’ लिहिलेलं असतं, आणि तेही खरंच असतं.

लेबलाचं वाचन हे तरीही खेळाडूचं स्वतःचं काम आहे आणि त्यात मी सूट देणार नाही. रशियाची जलतरणपटू युलिया एफिमोवा २०१३ मध्ये सापडली तेव्हा तिच्या सप्लिमेंटच्या डब्यावर डीएचईए या बंदी असलेल्या हार्मोनचं नाव छापलेलं होतं. ती दुकानातल्या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबली आणि सोळा महिने बाहेर बसली. याला भेसळ म्हणत नाहीत. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी अनेक जण मिथाइलहेक्झानअमाइन या उत्तेजकामुळे सापडले. तो पदार्थ डब्यांवर कधी ‘जिरेनियम’च्या अर्काच्या नावाने येतो, तेव्हा फुलाचं नाव वाचून पुढे जाणाऱ्याने थांबायला हवं होतं. आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक दिसला की मुलं निश्चिंत होतात. तो क्रमांक सांगतो की कारखान्याकडे अन्न बनवण्याचा परवाना आहे. या डब्यात स्टेरॉइडचा अंश नाही, हे तो सांगत नाही. नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ ॲप औषधासाठी जरूर वापरावं, पण कोणतंही ॲप नावावर उत्तर देतं. नाव नसलेल्या अंशावर ते काय उत्तर देणार?

मग बॅच कशी पाहतात? भाच्याने गेल्या वर्षी व्हे प्रोटीनचा डबा आणला. त्यावर एका परदेशी तपासणी योजनेचा शिक्का होता. इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ अशा योजना असतात, त्यांतलाच एक. तो खूश. मी म्हटलं, शिक्का छापायला पैसे लागत नाहीत, बुडाचा नंबर वाच. त्या योजनेच्या संकेतस्थळावर उत्पादनाचं नाव होतं, चवही तीच होती, खाली तपासलेल्या बॅचची यादी होती. आमचा नंबर तिच्यात नव्हता. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘माल ओरिजिनल आहे मामा, होलोग्राम बघा.’ माल खरा असेलही. पण ती बॅच तपासलेली नव्हती, आणि प्रश्न तेवढाच होता. डबा परत गेला. दुसऱ्या खेपेला नंबर जुळला तेव्हा एकाच बॅचचे दोन डबे घेतले. एक खायला, एक सील न फोडता ठेवायला. बिल, बुडाचा फोटो, सुरू केल्याची तारीख वहीत. चाचणीच्या वेळी फॉर्मवर मागच्या सात दिवसांतली औषधं आणि सप्लिमेंट्स विचारतात. तिथे ‘प्रोटीन’ असं मोघम लिहायचं नाही, पूर्ण नाव लिहायचं. पुढे दोष किती हे ठरवताना फॉर्मवर ते नाव असणं खेळाडूच्या बाजूने धरलं जातं.

सील न फोडलेला डबा कशाला, तर उघड्या डब्याला लवादापुढे फारशी किंमत नाही. निकाल आल्यावर त्यात कोणीही काहीही टाकलेलं असू शकतं. मात्र माझ्याच सूचनेतली मेख मला माहीत आहे आणि ती लपवणार नाही. भेसळ सगळीकडे सारखी पसरत नाही. मिक्सरच्या सीलमधून सुटलेली ढेप एका डब्यात जाते आणि शेजारचा कोरा राहतो. कोलोनच्या संशोधकांनाही कॅप्सूलगणिक प्रमाण बदलताना दिसलं होतं. म्हणजे सीलबंद डबा स्वच्छ निघाला तर निष्पाप मुलगा उलट अडकतो. तपासणी योजनेचंही तेच: बॅचमधले काही नमुने तपासले जातात, प्रत्येक चमचा नाही. ज्याला एकच डबा परवडतो, त्याच्यासाठी ही लॉटरी आहे.

म्हणूनच हे काम एकट्याचं नाही असं मी म्हणतो. केंद्राने किंवा अकादमीने साठ मुलांसाठी एकाच बॅचचा माल घेतला, तर खोक्याच्या वरचा, मधला आणि तळाचा असे नमुने वाटपाआधी तपासता येतात आणि तितकेच राखून ठेवता येतात. आमच्याकडे याला कंट्रोल सॅम्पल म्हणतात. प्रत्येक औषधाच्या कारखान्यात त्याची खोली असते, रॅकवर तारखा असतात, आणि मालाची मुदत संपल्यावरही काही काळ तो ठेवला जातो, कारण तक्रार उशिरा येते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात सप्लिमेंट तपासण्याची सोय उभी राहिली आहे. दर खेपेला तिथे नमुना जाणं हा पुरवठ्याच्या निविदेचाच भाग करता येईल. पुरवठादाराकडून लेखी हमी घेता येईल, त्या जुन्या कायद्यातल्या वॉरंटीसारखी. खर्च वाढेल, हे खरं. तो झेपत नसेल तर केंद्राने सप्लिमेंट देऊच नये, दूध आणि अंडी वाढवावीत. माझा आक्षेप पैसे न खर्चण्याला नाही. पावडर वाटायची आणि तिची जबाबदारी मात्र मुलाच्या गळ्यात बांधायची, याला आहे.

याने लबाडांना पळवाट मिळेल, असं काहींना वाटतं. उलट होईल. आज जो खोटं बोलतो त्याला ‘डबा फेकून दिला’ एवढं म्हणता येतं आणि टपरीवरची निम्मी जनता त्याच्या बाजूने होते. राखलेला नमुना असेल आणि तो स्वच्छ असेल, आणि लघवीतलं प्रमाण नरसिंगच्या प्रकरणासारखं गोळीचं असेल, तर पुढचा वाद उरत नाही. आणि भरपाईचं म्हणाल, तर अमेरिकेचा जलतरणपटू किकर व्हेन्सिल २००३ मध्ये सापडला, दूषित मल्टिव्हिटॅमिनबद्दल त्याने उत्पादकावर दावा लावला आणि २००५ मध्ये ज्यूरीने त्याला पाच लाख डॉलरहून जास्त मंजूर केले. दरम्यान अथेन्स ऑलिंपिक होऊन गेलं होतं.

आमच्या तालमीत आता एक लोखंडी कपाट आलं आहे. चार खेळाडूंचे सीलबंद डबे, प्रत्येकावर नाव, बॅच, तारीख आणि वस्तादांची व त्या मुलाची आडवी सही. पहिल्याच आठवड्यात भांडण झालं ते किल्लीवरून. वस्ताद म्हणाले माझ्याकडे, पोरं म्हणाली आमच्याकडे. मी म्हटलं, दोघांकडेही नको. ज्याचा निकालाशी संबंध त्याच्या हातात नमुना ठेवायचा नसतो. सध्या ती शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलात आहे, आणि कपाट उघडलं की ते रजिस्टरमध्ये वेळ लिहून घेतात.